साठीशांतीचा दिवस

१. साठीशांत : होटगीसारख्या सोलापूरच्या सीमाभागात काही घरी ही शांत तारखेने नव्हे, तर जन्ममास आणि जन्मनक्षत्र जुळवून करतात. समजा, १९ नोव्हेंबर १९६४च्या संध्याकाळी कुणी जन्मले. संवत्सर क्रोधी, महिना कार्तिक, नक्षत्र कृत्तिका. साठ वर्षांनी, २०२४मध्ये, क्रोधी संवत्सरच परतले. त्यातल्या कार्तिकात सूर्योदयाला कृत्तिका होती १६ नोव्हेंबरला. म्हणजे वाढदिवसाच्या तीन दिवस आधी. जन्म पौर्णिमेचा, पण त्या सकाळी वद्य प्रतिपदा लागलेली. म्हणून निव्वळ तिथी पाहणारा इथे एक दिवस चुकतो. उत्तरेकडील पौर्णिमान्त पंचांगात तर याच दिवशी मार्गशीर्ष लागतो, तेव्हा पंचांग आपल्याकडचे, अमान्तच घ्यावे. चंद्र सत्तावीस दिवसांत नक्षत्रचक्र पुरे करतो, त्यामुळे महिन्याच्या टोकाचे नक्षत्र कधी दोनदा येते. तिथे पुरोहितांना विचारूनच दिवस धरावा.