‘फॉलोऑन’ म्हणजे नेमकं काय? समजून घ्या सोप्या भाषेत

कसोटीच्या बातमीत ‘भारतावर फॉलोऑनची नामुष्की’ किंवा ‘फॉलोऑन टाळला’ असं वाचायला मिळतं. नुकतंच क्रिकेट बघायला लागलेल्यांना प्रश्न पडतो, हे काय प्रकरण आहे?

कसोटीत दोन्ही संघांना दोन-दोन डाव मिळतात आणि ते साधारणपणे आळीपाळीने खेळायचे असतात. पण दुसऱ्यांदा फलंदाजीला आलेला संघ पहिल्या डावात २०० किंवा त्याहून जास्त धावांनी मागे राहिला, तर समोरचा कर्णधार त्याला लगेच पुन्हा फलंदाजी करायला लावू शकतो. यालाच फॉलोऑन म्हणतात. हा फरक पाच दिवसांच्या सामन्यासाठी आहे. रणजीच्या चार दिवसांच्या साखळी सामन्यात १५० धावांची आघाडी पुरते. वनडे आणि टी-२० मध्ये प्रत्येकी एकच डाव असतो, त्यामुळे तिथे फॉलोऑन नसतोच.

मार्च २००१ मधली कोलकात्याची कसोटी घ्या. ऑस्ट्रेलियाने पहिल्या डावात ४४५ धावा केल्या. फॉलोऑन टाळायला भारताला २४६ धावा हव्या होत्या, म्हणजे फरक १९९ वर आला असता. पण भारत १७१ वरच गुंडाळला गेला. २७४ धावांची आघाडी मिळाल्यावर कर्णधार स्टीव्ह वॉने भारताला पुन्हा फलंदाजीला उतरवलं.

आधीची २७४ धावांची उधारी फेडल्यावरच भारताची आघाडी सुरू होणार होती. त्याआधीच सगळे बाद झाले असते, तर भारत डावाने हरला असता, म्हणजे ऑस्ट्रेलियाला दुसऱ्यांदा बॅट हातात घ्यावीच लागली नसती. पण लक्ष्मणने २८१ आणि द्रविडने १८० धावा केल्या. चौथ्या दिवशी तर दिवसभर एकही विकेट पडली नाही. भारताने ७ बाद ६५७ वर डाव घोषित केला. त्यातून २७४ वजा केले की उरतात ३८३, म्हणून ऑस्ट्रेलियापुढे लक्ष्य आलं ३८४ धावांचं. हरभजनच्या फिरकीपुढे ते २१२ वर बाद झाले आणि भारत १७१ धावांनी जिंकला. फॉलोऑन मिळूनही कसोटी जिंकण्याचा प्रकार त्याआधी फक्त दोनदा घडला होता.

फॉलोऑन द्यायचाच, अशी सक्ती नसते. मोठी आघाडी असूनही काही कर्णधार स्वतःच फलंदाजीला येतात. कारण गोलंदाज दमलेले असतात, आणि शेवटच्या दिवशी खेळपट्टी खराब झाल्यावर आपल्यावर चौथा डाव खेळायची वेळ येऊ नये, असं त्यांना वाटतं. उलट पावसाने वेळ गेला असेल, तर निकाल लागावा म्हणून बरेचदा फॉलोऑन दिला जातो.

त्यामुळे बातमीत ‘फॉलोऑन लादला’ दिसलं की मागे पडलेला संघ सलग दुसऱ्यांदा खेळतोय, असं समजा. आणि मोठी आघाडी असूनही ‘फॉलोऑन दिला नाही’ असं लिहिलं असेल, तर आघाडीवरचाच संघ पुन्हा फलंदाजीला आलाय.