‘मला मान्य आहे’ दाबल्यावर काय होते? एकतर्फी ऑनलाइन करार आणि आपले कायदेशीर हक्क

कर्जाचे ॲप, ऑनलाइन क्लास, डिलिव्हरीचे काम, मोबाइलचे सिम अशा प्रत्येक ठिकाणी अटींच्या खाली एक चौकोन असतो. त्यावर टिचकी मारली नाही तर पुढे जाता येत नाही. अटी कंपनीच्या वकिलाने लिहिलेल्या असतात आणि त्यातला एक शब्दही ग्राहकाला बदलता येत नाही. घ्यायचे तर असेच घ्या, नाहीतर सोडा, असा हा करार असतो.

असा करार कायद्याने वैध आहे का? सर्वसाधारणपणे आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ नुसार करार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला, एवढ्याच कारणाने तो रद्द ठरत नाही. ‘मी वाचलेच नव्हते’ हा बचावही सहसा टिकत नाही. पण करार वैध असला म्हणून त्यातली प्रत्येक अट वैध होत नाही. आपली लढाई याच फरकावर उभी असते.

लाँड्रीच्या पावतीपासून सुरुवात

छापील अटींचा प्रश्न इंटरनेटच्या आधीचा आहे. लाँड्रीत कपडा हरवला की दुकानदार पावती दाखवून म्हणायचा, आमची जबाबदारी एवढीच. लिली व्हाइट विरुद्ध मुनुस्वामी या गाजलेल्या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने अशी अट सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध ठरवली. कपडा हरवून दुकानदाराचाच फायदा होईल, अशी अट कायदा राबवणार नाही, असा त्याचा गाभा. मुंबई उच्च न्यायालयानेही देबू विरुद्ध हिंदळेकर या खटल्यात, ग्राहकाने सही न केलेल्या पावतीवर छापलेली जबाबदारी मर्यादित करणारी अट बंधनकारक मानली नाही.

१९८६ मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट विरुद्ध ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा विचार राज्यघटनेच्या कलम १४ शी जोडला. कोणतेही कारण न देता, फक्त तीन महिन्यांच्या नोटिशीवर कायम कर्मचाऱ्याला काढण्याचा नियम न्यायालयाने रद्दबातल ठरवला. दोन्ही बाजूंची ताकद असमान असेल आणि दुबळ्या बाजूला ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्याखेरीज पर्याय नसेल, तर अन्याय्य अट न्यायालय राबवणार नाही, हे तत्त्व त्यातून आले.

आजचा कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्याच्या कलम २(४६) मध्ये ‘अनुचित करार’ अशी स्वतंत्र व्याख्या आहे. ग्राहकाच्या हक्कांत मोठा फरक पाडणाऱ्या अटी त्यात येतात. उदाहरणार्थ, अवाजवी अनामत, नुकसानीच्या मानाने फार मोठा दंड, दंड भरूनही कर्ज मुदतीआधी फेडू न देणे, वाजवी कारणाशिवाय करार एकतर्फी संपवण्याचा अधिकार, किंवा ग्राहकाला तोट्यात टाकणारी कोणतीही अवाजवी अट.

एक उदाहरण सोडवून पाहू

धायरीतल्या एका विद्यार्थिनीने स्पर्धा परीक्षेच्या ऑनलाइन कोचिंगला ६०,००० रुपये भरले, असे धरू. कोर्स बारा महिन्यांचा आणि रोज थेट वर्ग, असे जाहिरातीत होते. दोन महिन्यांनी थेट वर्ग बंद झाले आणि फक्त जुने व्हिडिओ उरले. तिने पैसे मागितले, तेव्हा कंपनीने तीन अटी दाखवल्या. फी कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही. अभ्यासक्रम व पद्धत कंपनी केव्हाही बदलू शकेल. वाद झाला तर कंपनीने नेमलेला लवाद बंगळुरूत निर्णय देईल.

पहिली अट पाहा. दोन महिन्यांचा हिशेब १०,००० रुपये होतो. न दिलेल्या सेवेचे ५०,००० रुपये ठेवून घेणे हा कंपनीच्या नुकसानीशी मेळ नसलेला दंडच झाला. दुसऱ्या अटीमुळे कंपनीचे वचन वचनच उरत नाही. ग्राहकाने मात्र पूर्ण फी आधीच भरलेली असते. तिसऱ्या अटीने घाबरायचे कारण नाही. लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. शिवाय २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे धायरीच्या विद्यार्थिनीसाठी पुणे जिल्हा आयोग. ‘क्लास म्हणजे शिक्षणसंस्था, ती ग्राहक कायद्यात येत नाही’ असे कंपनी म्हणू शकते. पण कोचिंग क्लासला ही सूट नाही, असे राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये मनू सोळंकी प्रकरणात स्पष्ट केले आहे.

आता बहुतेकांची गफलत होते ती जागा. ‘ही अट अनुचित करार म्हणून रद्द करा’ ही मागणी जिल्हा आयोगापुढे चालत नाही. तो अधिकार राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोगाला आहे. पण ‘सेवेत त्रुटी आहे, व्यापारी प्रथा अनुचित आहे, म्हणून माझे पैसे व भरपाई द्या’ ही तक्रार जिल्हा आयोग ऐकतो. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्कही नाही. म्हणून आपल्या विद्यार्थिनीने अट रद्द करून मागण्यापेक्षा पैसे मागावेत. अट किती एकतर्फी आहे, हे त्याच तक्रारीत युक्तिवाद म्हणून मांडावे.

मुदत दोन वर्षांची आहे. आधी कंपनीला लेखी नोटीस पाठवावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी, पण हेल्पलाइन आदेश देत नाही, हे लक्षात ठेवावे. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवरून दाखल होते. कंपन्या अटींचे पान गुपचूप बदलतात, म्हणून पैसे भरले त्या दिवशीच्या अटी, जाहिरात, पावती आणि ईमेल तारखेसह जपून ठेवावेत.

फी कर्ज काढून भरली असेल तर रागाच्या भरात हप्ता थांबवू नये. कर्जाचा करार वेगळा असतो आणि थकबाकीची नोंद आपल्याच नावावर लागते. कर्ज देणाऱ्या संस्थेलाही तक्रारीत पक्षकार करून हप्त्यांबाबत अंतरिम आदेश मागावा.

कायदा कुठे थांबतो?

डिलिव्हरीचे काम करणाऱ्या तरुणाने ॲपवर तसाच चौकोन टिचकावलेला असतो. ‘कंपनी केव्हाही आयडी बंद करू शकेल’ अशी अट त्यातही असते. पण तो कंपनीचा ग्राहक नाही, त्यामुळे कलम २(४६) त्याच्या कामी येत नाही. ब्रोजोनाथचा निकालही सरकारी मालकीच्या कंपनीविरुद्ध होता. खासगी कंपनीविरुद्ध तो जसाच्या तसा लागू करून घेणे अवघड जाते.

बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला होता. बेकाराला कामाच्या बदल्यात हक्क सोडायला सांगितले तर तो काय निवडेल, असे विचारून, राज्याने हात आखडला की खासगी मालकाची हुकूमशाही उरते, हे त्यांनी दाखवले. अशा ठिकाणी एकेकट्याच्या तक्रारीने भागत नाही, कायदाच लागतो. कर्नाटकाने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा करून कराराच्या अटी आणि काम बंद करण्यापूर्वीची नोटीस यांवर कंपन्यांना बंधने घातली. आपल्या संघटनांची मागणीही अशीच नेमकी हवी: लेखी कारण, आधी नोटीस, अपिलाची सोय आणि मराठीत अटी.