रक्तपेढीत अँटिबॉडी कशी ओळखतात? पॅनलवरच्या फुल्यांचा अर्थ काय?

समजा, देवळाली कॅम्पमधल्या एका महिलेला शस्त्रक्रियेआधी रक्त द्यायचं आहे. रक्तगट बी पॉझिटिव्ह. पूर्वी दोन बाळंतपणं झाली आहेत आणि एकदा रक्तही चढवलंय. तिच्या सीरमची स्क्रीनिंग चाचणी पॉझिटिव्ह येते. म्हणजे ए-बी-ओ सोडून दुसऱ्या कुठल्यातरी अँटिजेनविरुद्ध तिच्या शरीरात अँटिबॉडी तयार झाली आहे. पण कुठल्या?

त्यासाठी पॅनल लावतात. साधारण 11 दात्यांच्या ओ गटाच्या लाल पेशी असतात आणि कुठल्या पेशीवर कुठले अँटिजेन आहेत याचा छापील तक्ता सोबत येतो. प्रत्येक पेशीबरोबर रुग्णाचं सीरम 37 अंश सेल्सिअसला ठेवून गुठळ्या होतात का ते पाहतात.

इथे सुरुवात होते गप्प बसलेल्या पेशींपासून. पेशीवर अँटिजेन आहे आणि तरी गुठळी नाही, म्हणजे त्याविरुद्धची अँटिबॉडी रुग्णात नसावी. त्या अँटिजेनवर फुली.

आपल्या उदाहरणात 1, 4, 8 आणि 10 या पेशींना गुठळ्या झाल्या, बाकी सात गप्प. फुल्या मारता मारता फक्त ‘किड-ए’ हा अँटिजेन उरायला हवा. पण गप्प बसलेल्या 6 आणि 9 नंबरच्या पेशींवरही किड-ए आहे! मग त्यावरही फुली?

नाही. चूक नेमकी इथेच होते. या दोन पेशींना एका पालकाकडून किड-ए आणि दुसऱ्याकडून किड-बी मिळालाय, त्यामुळे किड-एचा डोस निम्मा. अशक्त अँटिबॉडी निम्म्या डोसवर गुठळी करत नाही. चारही पॉझिटिव्ह पेशींवर मात्र दुहेरी डोस आहे. म्हणून अशा जोडीच्या अँटिजेनवर फुली मारायची ती दुहेरी डोसची पेशी गप्प असेल तरच. निदान पक्कं करायला रुग्णाच्या स्वतःच्या पेशींवर किड-ए नाही, हेही तपासतात. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेलं असेल, तर दात्याच्या पेशी मिसळलेल्या असल्याने ही तपासणी फसवू शकते.

किड-ए नसलेले दाते साधारण पाचात एक. दोन पिशव्यांसाठी दहा-एक पिशव्या तपासाव्या लागतात.

सगळ्याच 11 पेशींना गुठळ्या झाल्या तर? फुली मारायला जागाच उरत नाही. रुग्णाची स्वतःची पेशी गप्प असेल आणि गट ओ दिसत असेल, तर 1952 मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला ‘बॉम्बे’ गट आठवायचा. त्या लोकांत एच अँटिजेनविरुद्ध अँटिबॉडी असते आणि ओ पेशींवर एच भरपूर असतो.

किड अँटिबॉडीची आणखी एक खोड म्हणजे ती काही महिन्यांत मावळते. पुढच्या वेळी स्क्रीनिंग आणि क्रॉसमॅच दोन्ही निगेटिव्ह येऊ शकतात. किड-ए असलेलं रक्त चढतं, शरीराला जुनी ओळख पटते आणि आठवडाभरात हिमोग्लोबिन घसरून कावीळ दिसू लागते. म्हणून रक्तपेढीने दिलेलं अँटिबॉडीचं कार्ड पुढच्या प्रत्येक दवाखान्यात दाखवायचं, रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी.