भरलेले तळे

फिरोजशाह तुघलकाच्या 'फुतूहात-ए-फिरोजशाही'चा इंग्रजी अनुवाद एलियट आणि डाउसन यांच्या ग्रंथमालेत आहे. त्यातला काही भाग मराठीत आणताना मी एका साध्या वाक्यावर अडले. हौज-ए-अलाईत पाणी नव्हते आणि तो भरून गेला होता, असा त्याचा आशय. मराठीत 'तळे भरले' म्हटले की डोळ्यांपुढे पाणीच येते. इथे ते मातीने भरले होते. शेवटी 'बुजला होता' असे लिहिले आणि पुढे गेले. पण पुढचा मजकूर तर आणखी चमत्कारिक निघाला. त्या कोरड्या तळात लोक शेती करत होते, विहिरी खणून त्यांचे पाणी विकत होते.

हा हौज म्हणजे दक्षिण दिल्लीतले आजचे हौज खास. अलाउद्दीन खिलजीने सिरी या आपल्या नव्या शहरासाठी १३०० च्या आसपास तो बांधला. विस्तार सुमारे ५० हेक्टर. जेमतेम अर्ध्या शतकात त्याचे शेत झाले होते.

हे कसे घडते ते अवघड नाही. पावसाचे पाणी अरवलीच्या उघड्या उतारांवरून माती घेऊन येते. संथ पाण्याला मिळताच त्याचा वेग मरतो. जाड वाळू तोंडाशीच पडते आणि बारीक चिकणमाती आत जाऊन सावकाश तळाशी बसते. एक हेक्टरच्या गावतळ्यात एक सेंटिमीटर गाळ बसला तर १०० घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर पाण्याची जागा जाते. दहा हजार लिटरचे दहा टँकर! पण वरून तळे तेवढेच दिसते.

दिल्लीच्या गावांत अशा तळ्याला 'जोहड' म्हणतात. उन्हाळ्यात ते आटले की लोक गाळ उपसून नेत: कुंभार मडक्यांसाठी, बाकीचे भिंती लिंपायला आणि शेतात टाकायला. पक्क्या विटा आल्या, नळ आले आणि त्या मातीला कुणी विचारेना. त्यात सांडपाणी सोडले गेले आणि गाळाला खत मिळाले.

तळे उथळ होत चालल्याचे पहिले चिन्ह म्हणजे काठावरचे पाणकणीस दरवर्षी आत सरकू लागते, कारण सूर्यप्रकाश पोचेल इतका तळ वर आलेला असतो. मग मासे सांगतात. उथळ पाणी मे महिन्यात पार तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. रात्री शेवाळ आणि सडणारा पाला उरलेलाही ओढून घेतात. पहाटे रोहू, कटला पृष्ठभागावर तोंड उघडून तडफडताना दिसतात. त्यांच्यानंतर राहतात ते मागूर आणि मरळ, ज्यांना हवेतून श्वास घेता येतो. तळे जिवंत दिसते खरे, पण त्यातली वस्ती बदललेली असते. तिसरे चिन्ह विहिरीत दिसते. तळ्यात पाणी असूनही शेजारच्या विहिरीची पातळी उतरते, कारण चिकणमातीच्या थराने पाझरच बंद केलेला असतो.

आणि तळ पुरता कोरडा झाला की त्याला मालक भेटतो. चौदाव्या शतकातले ते पाणीविक्रे मला म्हणूनच इतके ओळखीचे वाटतात. सगळ्यांचे पाणी गाळाखाली गेले आणि त्याच गाळातून वर काढलेले पाणी विकाऊ झाले.

फिरोजशाहने हौज उपसून घेतला आणि १३५२ मध्ये त्याच्या काठावर मदरसा उभारला. १३९८ मध्ये तैमूरचे सैन्य आले तेव्हा तो पावसाने भरत होता आणि शहराला वर्षभर पुरत होता. मात्र त्याच मजकुरात मेहरौलीच्या हौज-ए-शम्सीचीही हकिकत आहे, आणि ती माझ्या मते जास्त महत्त्वाची. इल्तुतमिशचे हे तळे सुकण्याचे कारण वेगळे होते. त्यात पाणी आणणाऱ्या वाटाच कुणीतरी अडवल्या होत्या. तिथे सुलतानाने वाटा मोकळ्या केल्या. तळे दोन प्रकारे मरते, हे त्याच्या अधिकाऱ्यांना कळले असावे.

आज गावतळ्यांसाठी यंत्रे येतात, चार दिवसांत खड्डा खोल होतो, काठाला दगड बसतात, फलक लागतो. पण पाणी यायचे त्या उतारावर वसाहत आणि रस्ता असेल, तर पावसानंतरही त्या खड्ड्याच्या तळाशी डबकेच उरते. हौज खासचेही असेच झाले. भोवतीच्या बांधकामाने ओघ तुटले आणि विसाव्या शतकात ते कोरडे पडले. पुढे २००० नंतरच्या दशकात वसंत कुंजमधले प्रक्रिया केलेले सांडपाणी त्यात सोडून ते पुन्हा भरले. त्या पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस शिल्लक असतात. शेवाळाला तेवढे पुरते आणि तळे हिरवे पडते. मदरशाच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढणाऱ्यांना तो रंग आवडतो.