किचन आयलंडचे संकल्पचित्र

किचन आयलंड म्हणजे भिंतीपासून सुटा असलेला, चारही बाजूंनी वावरता येणारा स्वयंपाकघरातील ओटा होय. बैठकीला जोडून असलेल्या खुल्या स्वयंपाकघरात त्याच्या एका बाजूला उंच स्टुले आणि वर लटकते दिवे असतात. असा ओटा बांधण्यापूर्वी संगणकावर त्याचे त्रिमितीय संकल्पचित्र, म्हणजेच रेंडर, तयार केले जाते. त्यात ओट्याची कडा बहुधा अखंड दाखवली जाते.

== मापे ==
ओट्याची उंची सुमारे ९० सेंमी असल्यास स्टुलाची बैठक ६० ते ६५ सेंमी उंच ठेवतात. गुडघ्यांसाठी दगड कपाटाबाहेर सुमारे ३० सेंमी काढला जातो. दिव्यांचा तळ ओट्यापासून ७५ ते ९० सेंमी वर असतो.

== अखंड कडा आणि सांधा ==
रेंडरमध्ये ओटा कितीही लांब असला तरी तो एकसंध दिसतो. प्रत्यक्षात ग्रॅनाइटच्या शिळेची लांबी मर्यादित असते. उदाहरणार्थ, ओटा ३६० सेंमी आणि उपलब्ध शिळा २७० सेंमी असल्यास एक सांधा अटळ ठरतो. हा सांधा सिंकसाठी कापलेल्या जागेवर किंवा बाहेर काढलेल्या निराधार भागात घेतल्यास दगडाला तडा जाण्याचा धोका असतो. म्हणून तो कपाटाच्या उभ्या फळीवर घेतात. रेंडरमध्ये तेथे बारीक रेघ दाखवल्यास घरमालकाला सांध्याची जागा आधीच कळते.

जाडीबाबतही असाच फरक पडतो. बाजारातील ग्रॅनाइट साधारण १८ ते २० मिमी जाड असते. चित्रातील ४० मिमी जाड कडा ही खालून दुसरी पट्टी चिकटवून साधली जाते. पट्टी त्याच शिळेतून न कापल्यास दगडाची नक्षी कडेवर तुटलेली दिसते.

== कडेवरील प्रकाश ==
खऱ्या दगडाची धार किंचित गोलावलेली असते व तिच्यावर दिव्यांची चकाकी उमटते. प्रतिकृतीत २ ते ३ मिमी गोलाई न दिल्यास कडा कागदी भासते.

सूर्यप्रकाश स्थळानुसार ठरवावा लागतो. वाशीम शहर सुमारे २०.१° उत्तर अक्षांशावर आहे. तेथे २१ डिसेंबरला माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६.५° वर असतो. दक्षिणेकडील खिडकीचा माथा जमिनीपासून २१० सेंमी असल्यास त्या वेळी ऊन ९० सेंमी उंचीच्या ओट्यावर खिडकीपासून सुमारे ११४ सेंमीपर्यंतच पोहोचते. वर्षातील इतर दिवशी माध्यान्हीचा सूर्य याहून उंच असल्याने ऊन आणखी कमी आत येते. त्यामुळे खिडकीपासून १५० सेंमी दूर असलेल्या ओट्याच्या पृष्ठभागावर माध्यान्हीचे ऊन दाखवणारे चित्र तेथील स्थितीशी जुळत नाही. सकाळी व दुपारनंतर मात्र हिवाळ्यातील ऊन अधिक आत येऊ शकते.