द्राक्षगर्भ : पिशवी साफ केली म्हणजे संपलं असं नाही, रक्ततपासणी शेवटपर्यंत करा

पाळी चुकून दोन-तीन महिने झाले, टेस्टमध्ये दोन रेघा आल्या आणि मग अंगावरून काळपट, तपकिरी रक्त जायला लागलं. कधी त्याबरोबर पाण्याने भरलेले छोटे फुगे, अगदी द्राक्षाच्या घडासारखे, बाहेर पडतात. याला द्राक्षगर्भ म्हणतात. डॉक्टर 'मोलर प्रेग्नन्सी' असा शब्द वापरतात.

नेमकं काय होतं?

गर्भ राहताना स्त्रीबीज आणि शुक्राणू यांच्या जुळणीतच चूक होते. बाळाऐवजी वार वेडीवाकडी वाढते आणि तिचे फुगे तयार होतात. पूर्ण द्राक्षगर्भात बाळ नसतंच. अर्धवट प्रकारात गर्भाचा काही भाग असतो, पण तो जगू शकत नाही. बाईने काय खाल्लं, किती काम केलं, कुणाची नजर लागली, याचा यात काहीही संबंध नाही.

कशावरून ओळखायचं?

काळपट रक्तस्राव हे सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण. काहींना उलट्या प्रमाणाबाहेर होतात, दिवसांच्या मानाने पोट मोठं वाटतं, छातीत धडधडतं किंवा पाचव्या महिन्याआधीच बीपी वाढतं. सुरुवातीच्या दिवसांत रक्त जाण्याची इतर कारणंही आहेत, आणि द्राक्षासारखे फुगे प्रत्येकीला दिसतीलच असं नाही. त्यामुळे सोनोग्राफी आणि 'बीटा एचसीजी' ही रक्ततपासणी लागतेच. फुगे पडले तर फेकू नका, स्वच्छ डब्यात घेऊन डॉक्टरांना दाखवा.

मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणून घरी घेऊ नका. यात रक्तस्राव एकदम वाढू शकतो. तासाभरात एकापेक्षा जास्त पॅड भिजत असतील, चक्कर येत असेल तर लगेच १०८ ला फोन करा.

उपचार आणि खरी गडबड

दवाखान्यात भूल देऊन मशीनने पिशवी रिकामी करतात. रक्ताची सोय आधी करून ठेवतात, काढलेला भाग लॅबला पाठवतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर इंजेक्शन लागेल का, हे विचारून घ्या.

चार-आठ दिवसांत रक्त थांबतं, बरं वाटतं आणि बाई परत तपासणीला जात नाही. इथेच घात होतो. कारण काही जणींत फुग्यांच्या पेशी आत राहून पुन्हा वाढतात, फुप्फुसापर्यंतही जाऊ शकतात. पूर्ण द्राक्षगर्भात साधारण सहा-सात जणींमागे एकीला असं होतं. सुरुवातीला वरून काहीच कळत नाही, कळतं ते फक्त बीटा एचसीजीच्या आकड्यावरून.

एक उदाहरण धरू. २२ वर्षांच्या बाईची पिशवी साफ झाली. दर आठवड्याचे आकडे आले १२,०००, मग १,४००, मग २१०. उतरत आहेत म्हणजे ठीक. पुढचे चार आठवडे मात्र ४४, ४२, ४५, ४३. रक्तस्राव नाही, दुखत नाही, पण आकडा अडकला. असे सलग चार आठवडे अडकणं, किंवा सलग तीन तपासण्यांत वाढत जाणं, याचा अर्थ पेशी शिल्लक आहेत. मग छातीचा एक्स-रे काढतात आणि बहुतेक वेळा मेथोट्रेक्सेट नावाचं औषध देतात. वेळेवर सापडलं तर हा आजार जवळपास सगळ्यांचा बरा होतो, पिशवीही काढावी लागत नाही. तीच बाई तिसऱ्या आठवड्यानंतर घरी बसली असती तर?

किती दिवस तपासणी?

आकडा नॉर्मल, म्हणजे साधारण ५ च्या खाली, येईपर्यंत दर आठवड्याला किंवा डॉक्टर सांगतील तसं. सहसा सलग तीन वेळा नॉर्मल आला की पूर्ण द्राक्षगर्भात पुढे महिन्यातून एकदा, सहा महिने. अर्धवट प्रकारात हा काळ कमी असतो. घरची लघवीची टेस्ट इथे चालत नाही, कारण थोडा आकडा ती दाखवत नाही. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा आणि सगळे कागद एका पिशवीत जपून ठेवा.

या काळात दिवस जाऊ देऊ नका. नव्या गर्भामुळेही हाच आकडा वाढतो, मग आजार परतला की गर्भ राहिला हे कळत नाही. निरोध किंवा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालतात. तांबी मात्र आकडा नॉर्मल झाल्याशिवाय बसवू नये.

सासरच्यांनी पुढच्या पाळण्याची घाई केली तर त्यांना हे वाचून दाखवा. तपासणी पूर्ण झाल्यावर बहुतेक जणींना पुढचं बाळ व्यवस्थित होतं. पुन्हा द्राक्षगर्भ होण्याची शक्यता शंभरात एखादीच. तरीही पुढच्या वेळी दिवस राहिले की लवकर सोनोग्राफी करा, आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी एकदा बीटा एचसीजी करायचं का, हे डॉक्टरांना विचारा.