नळाचा वायसर बदलणे (प्रशिक्षण)

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील प्लंबर अभ्यासक्रमातले प्राथमिक प्रात्यक्षिक. यवतमाळ जिल्ह्यात बोअरच्या जड पाण्याचा क्षार नळात साचतो, म्हणून येथे या प्रात्यक्षिकाला विशेष महत्त्व द्यावे. आधी निदान: तोटीतून थेंब पडत असल्यास वायसर किंवा सीट खराब, दांड्याजवळून पाणी झिरपत असल्यास ग्लँड सैल. मग चष्मा घालून मुख्य व्हॉल्व्ह बंद करतात आणि नळ उघडून उरलेले पाणी काढतात. गिझर जोडलेला असल्यास त्याची वीज आधीच तोडतात. नंतर एका पान्याने नळाचा वरचा भाग सोडवताना दुसऱ्या पान्याने नळाचे अंग धरले नाही, तर भिंतीतला पाइप पिळवटतो. नवा वायसर बसवूनही ठिबक राहिल्यास सीटवर बोट फिरवावे: खड्डा लागला तर सीट घासावी लागते. नळ जोराने आवळल्यास मात्र नवा वायसरही कापला जातो.